पांढरे म्हणून बाजूला काढलेले

मोनाली पाटील जळगावात पिंप्राळ्याच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होती. स्टुडिओ लीलाधर चौधरींचा. ते मूळचे धरणगावचे, रोलच्या कॅमेऱ्यापासून या धंद्यात होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. लग्नं, साखरपुडे, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं असं काम असे. फोटो नीलेश काढायचा. निवडणं, रंग दुरुस्त करणं आणि अल्बमची पानं लावणं मोनालीकडे होतं.

लग्नाच्या हंगामात एकेका कार्यक्रमाचे तीन-चार हजार फोटो येत. त्यांतले कितीतरी वाया गेलेले असत. फ्लॅश न पेटल्यामुळे काळे पडलेले, किंवा मांडवाबाहेर उन्हात एकदम पांढरे झालेले. हे फोटो एकेक उघडून बाजूला करण्यात मोनालीचे दोन-दोन दिवस जात. ती बीसीए झालेली होती. एका उन्हाळ्यात तिने या कामासाठी छोटा प्रोग्राम लिहिला.

प्रोग्राम साधा होता. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला उजेडाचा एक आकडा असतो. पूर्ण काळ्याचा शून्य, पूर्ण पांढऱ्याचा दोनशे पंचावन्न. कोणत्या आकड्याचे किती ठिपके आहेत ते मोजून ओळीने मांडलं की फोटोचा हिस्टोग्राम तयार होतो. उजेड नीट पडलेल्या फोटोत ठिपके सगळीकडे पसरलेले असतात. फोटो काळा पडला असेल तर डावीकडे ढीग होतो, जळाला असेल तर उजवीकडे. मोनालीचा प्रोग्राम ढीग मोजायचा. शेवटच्या वीस आकड्यांत एक तृतीयांशाहून जास्त ठिपके सापडले की तो फोटो उचलून 'पांढरे' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. सुरुवातीच्या वीस आकड्यांत सापडले तर 'काळे'मध्ये. कॅमेऱ्याची त्याच नावाची मूळ फाइलही, जिच्यावरून उजेड नंतर कमी-जास्त करता येतो, बरोबर जायची. पुसत मात्र काहीच नसे.

पहिल्या काही लग्नांत मोनाली दोन्ही फोल्डर पूर्ण तपासत होती. त्यांत खरोखरच कचरा निघाला. मग ती वरवर चाळू लागली, आणि पुढे तेही कमी झालं. भाऊंना या प्रोग्रामचं कौतुक होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत की आमच्याकडे वाईट फोटो मशीनच उचलून ठेवतं.

धुळ्याचं काम आलं ते हिवाळ्याच्या अखेरीस. आग्रा रोडवर भुसार मालाचं दुकान असलेले अभयकुमार जैन यांची मुलगी प्रियल दीक्षा घेणार होती. बी.कॉम. झालेली, बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. नीलेश एक मदतनीस घेऊन गेला. मोनाली गेली नव्हती. नीलेशने परत आल्यावर सांगितलं त्यावरून तिला कार्यक्रमाची कल्पना आली. सकाळी मुलीला नवरीसारखं सजवलं, लाल शालू, हातभर बांगड्या, आणि गावातून तिचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघाला. मांडवात तिने सगळ्यांचा निरोप घेतला. मग तिला आत नेलं. केस उतरवून, पांढरे कपडे नेसून, तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधून ती बाहेर आली तेव्हा ती प्रियल राहिली नव्हती. तिला नवं नाव मिळालं होतं आणि घरचे तिच्यापुढे वाकून वंदना करत होते. महाराजांसमोर फ्लॅश चालत नाही, म्हणून सगळे फोटो आहे त्या उजेडात काढावे लागले होते. मांडवाचं कापड पांढरं, साध्व्या पांढऱ्या कपड्यांतल्या, वर दुपारचं ऊन. त्या उन्हाची नीलेशने पुन्हा पुन्हा तक्रार केली.

मोनालीने नेहमीप्रमाणे सगळे फोटो प्रोग्राममधून काढले. 'पांढरे' फोल्डर बरंच भरलेलं दिसलं. नीलेशने आधीच तक्रार केली होती, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. वरचे पाच-सात उघडून पाहिले. ते नीलेशच्या मदतनीसाने काढलेले होते आणि पार जळालेले होते. तिने फोल्डर बंद केलं. उरलेले फोटो तिने लिंक करून अभयकुमारांना पाठवले. अल्बमसाठी त्यांनी त्यांतले निवडायचे होते.

निवड लवकर आली. नंबर नीट ओळीने लिहिलेले होते. मोनाली पानं लावायला बसली. मेहंदी, वरघोडा, दुकानासमोर उभी असलेली प्रियल, आपल्या भावाच्या, अर्हमच्या खांद्यावर हात ठेवून हसणारी प्रियल, मांडवात आजीच्या पाया पडणारी प्रियल. प्रत्येक फोटोत तिचा शालू लालभडक होता. पानं लावता लावता ती शेवटच्या फोटोपाशी आली. त्यात प्रियल पाठमोरी, आत जात होती. पुढे काही नव्हतं.

आधी तिला वाटलं, त्यांच्याकडून निवडायचे राहिले. मग तिने पाठवलेली लिंक उघडली. त्यातही नव्हते. आत जाणाऱ्या प्रियलनंतर एकदम जेवणाच्या पंक्ती होत्या.

तिने 'पांढरे' फोल्डर उघडलं आणि या वेळी सगळं पाहिलं. दीक्षेनंतरचे जवळजवळ सगळे फोटो तिथे होते. पांढऱ्या मांडवापुढे पांढऱ्या कपड्यांतली मुलगी, शेजारी पांढऱ्या कपड्यांतल्या साध्व्या. ठिपके उजवीकडेच जाणार होते, कारण तिथे जे होतं ते पांढरंच होतं. नीलेशच्या बहुतेक फोटोंत ढीग उजव्या कडेच्या जवळ होता, पण कडेला टेकला नव्हता. वस्त्राच्या घड्या दिसत होत्या, चेहरा दिसत होता. मदतनीसाच्या फोटोंत मात्र दोनशे पंचावन्नवर सरळ सुळका उभा होता आणि त्या जागी काहीच उरलं नव्हतं. प्रोग्रामला हा फरक कळण्याचं कारण नव्हतं. तो फरक मोजायला तिने त्याला सांगितलंच नव्हतं. लग्नात सगळे रंगीत कपडे घालून येतात, म्हणून आजवर हे उघडं पडलं नव्हतं.

तिने भाऊंना बोलावून दाखवलं. भाऊंनी चार-पाच फोटो स्वतः उघडून पाहिले. रागावले नाहीत. गिऱ्हाइकाचा काही फोन आला होता का, एवढं त्यांनी विचारलं. आला नव्हता. निवडही त्यांनी बिनतक्रार पाठवली होती. मोनाली म्हणाली, मी आता फोन करून सांगते. भाऊंनी नकारार्थी मान हलवली. काही मनापासून बोलायचं असलं की ते आपल्या अहिराणीवर येत.

"फोन नको करू," ते म्हणाले. "तू सोता जाय."

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन धुळ्याच्या एसटीत बसली. एरंडोल, पारोळा मागे पडलं. वाटेत ती मनाशी वाक्यं जुळवत होती. तिला वाटत होतं की ते विचारतील, एवढी महत्त्वाची गोष्ट तुम्ही पाहिली कशी नाही, आणि त्यावर प्रोग्रामचं कारण देणं बरं दिसणार नाही. धुळ्यात उतरेपर्यंत तिने ठरवलं की चूक माझी, एवढंच म्हणायचं.

अभयकुमार दुकानात गादीवर बसले होते. पन्नाशीचे, बोलायला सौम्य. तिचं नाव ऐकल्यावर त्यांनी तिला दुकानामागच्या घरात नेलं आणि पाणी मागवलं. मोनालीने ठरवलं होतं तसं सांगितलं. चूक माझी, दीक्षेनंतरचे फोटो आमच्याकडे बाजूला पडून राहिले होते, तुमच्यापर्यंत आलेच नाहीत, ते मी घेऊन आले आहे.

अभयकुमारांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "लिंक आली त्याच दिवशी पाहिलं मी. पुढचे नाहीत, हे लक्षात आलं होतं."

"मग तुम्ही फोन का नाही केलात?"

"वाटलं, बरं झालं."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. अर्हमला वाटत होतं की उरलेले फोटो नंतर येतील, म्हणून तो काही बोलला नाही. निवड त्यांनी एकट्याने केली. दीक्षेला त्यांचा विरोध नव्हता, अनुमोदनेच्या कागदावर त्यांनी स्वतः सही केली होती. समाजात त्यांचा सत्कार झाला, लोकांनी भाग्यवान म्हटलं, ते त्यांनाही पटत होतं. पण अल्बम घरात राहणार होता. तो कधीही उघडला तरी त्यात पोरगी घरचीच असेल, शेवटपर्यंत लाल शालूत असेल, हे त्यांना लिंक पाहताना सुचलं आणि सुचल्यावर सोडवलं नाही. त्यांनी मोनालीला विनंती केली की आहे तसाच अल्बम छापा, आणि ते दुसरे फोटो तुमच्याकडेच असू द्या.

मोनाली माफी मागायला आली होती आणि इथे तिची चूक कुणाला तरी हवी होती. तिने लॅपटॉप पुन्हा पिशवीत ठेवला.

दाराशी अभयकुमारांची आई उभी होती. धापूबाई. ऐंशीच्या जवळ आलेल्या, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. पाणी आणणाऱ्या बाईच्या मागोमाग त्या आल्या होत्या आणि त्यांनी सगळं नाही तरी पुरेसं ऐकलं होतं.

"कुठले फोटो?" त्यांनी विचारलं.

अभयकुमार म्हणाले की काही नाही, अल्बमचं काम आहे. धापूबाई तिथून हलल्या नाहीत. त्या पलंगावर येऊन बसल्या आणि मोनालीशी बोलू लागल्या. त्या दिवशी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोर ऊन आणि पांढरा मांडव. प्रियल बाहेर आली तेव्हा सगळे जयजयकार करायला लागले, त्यावरून त्यांना कळलं की ती आली. कुणीतरी हात धरून त्यांना पुढे नेलं, त्यांनी वंदना केली, पण कोणापुढे केली ते त्यांना दिसलं नव्हतं.

"मला नुसतं पांढरं दिसत होतं, बेटा," त्या म्हणाल्या. "आता डोळे केले. तर ती विहाराला निघून गेली."

साध्व्यांचा संघ मालेगावच्या पुढे गेला होता. पायी जाणाऱ्या साध्व्या चातुर्मासाला कुठे थांबतील ते अजून ठरलं नव्हतं, आणि धापूबाईंना प्रवास झेपत नव्हता. लोक भेटून येत आणि सांगत की महासतीजी, म्हणजे प्रियल, सातेत, सुखरूप आहेत. ऐकून बरं वाटे, पण डोळ्यांपुढे काही येत नसे.

मोनालीने अभयकुमारांकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली वळवली होती. मग त्यांनी हातानेच खूण केली, की दाखवा.

तिने लॅपटॉप धापूबाईंच्या मांडीजवळ ठेवला. नीलेशचा एक चांगला फोटो काढला. तो तसा फिका होता, चेहरा वस्त्रांत मिसळल्यासारखा. तिने मूळ फाइलवरून उजेड हळूहळू खाली आणला. वस्त्राच्या घड्या उमटल्या, मांडवाच्या कापडाची शिवण उमटली, मग कान, भुवया, मुहपत्तीच्या वरचे दोन डोळे. धापूबाईंनी चष्मा काढला आणि वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"डोकं किती लहान आहे तिचं," त्या म्हणाल्या. "जावळ काढलं तेव्हा अस्संच होतं."

मग त्या पुढचा, पुढचा म्हणत गेल्या. मोनाली एकेक उघडत गेली, जिथे निघेल तिथे उजेड खाली घेत गेली. मदतनीसाचे काही फोटो आले तेव्हा तिने सांगितलं की यांत काही उरलेलं नाही, कितीही केलं तरी चेहरा येणार नाही. धापूबाईंनी ते सोडून दिले. अभयकुमार खिडकीपाशी उभे राहून रस्त्याकडे पाहत होते, पण मधूनमधून त्यांची मान इकडे वळत होती.

'पांढरे' संपल्यावर मोनालीने सहज 'काळे'ही उघडलं. त्यात मांडवातल्या सावलीचे, खांबाआडचे, चुकून दाबले गेलेले फोटो होते. शेवटाकडे एक वेगळा आला. त्यात अर्धा भाग उन्हात होता आणि अर्धा मांडवाच्या सावलीत. उन्हात प्रियल उभी, जवळजवळ पांढरीच. सावलीत काळोखात कुणीतरी गुडघे टेकून वाकलेलं. असल्या फोटोत ठिपक्यांचे दोन ढीग होतात, एक या टोकाला, एक त्या. प्रोग्राम आधी काळं तपासायचा, म्हणून तो इकडे पडला होता. तो नीलेशचा होता, मूळ फाइल शाबूत होती. मोनालीने उजळ बाजू खाली घेतली, काळी बाजू वर आणली. प्रियलचे हात दिसू लागले. सावलीतला माणूसही दिसू लागला. अभयकुमार होते. हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते, आणि सबंध चेहरा ओला होता.

मोनालीला हात मागे घ्यावासा वाटला, पण फोटो उघडलेला होता. धापूबाईंनी मुलाला हाक मारली नाही. तेच आले. ते आईच्या मागे उभे राहून पाहत राहिले. हा कोणी काढला, असं त्यांनी विचारलं. नीलेशने, असं मोनालीने सांगितलं. त्यांना त्या वेळी जवळपास कॅमेरा असल्याचं आठवत नव्हतं.

"मी बापाच्या नजरेने पाहत होतो तिच्याकडे, वाकेपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर पाहिलंच नाही. डोळे मिटलेले होते माझे."

फोटोतली प्रियल मात्र खाली त्यांच्याकडे पाहत होती.

मग ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून दाखवा. या वेळी निवड दोघांनी मिळून केली. अभयकुमारांच्या मते चार-पाच पुरे होते. धापूबाईंना जवळजवळ सगळे हवे होते. पांढऱ्या फोटोंचा वेगळा छोटा अल्बम करावा, असंही अभयकुमार सुचवून पाहत होते. आईने ते मान्य केलं नाही. तिचं म्हणणं साधं होतं. लाल शालूतली आत गेली तीच बाहेर आली, मग पुस्तकं दोन कशाला. अर्हम दुकानातून आत आला, त्यानेही आजीची बाजू घेतली. पानं वाढली.

जेवूनच जा म्हणून सगळ्यांनी धरलं. सूर्यास्ताआधी जेवणं झाली. अभयकुमार तिला बसस्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी तिला तुमचं मशीन नेमकं काय करतं ते विचारलं. तिने ठिपके आणि ढीग समजावून सांगितले. त्यांनी धान्याच्या चाळणीचा विचार केला असावा, कारण ते म्हणाले, चाळणीत वर उरतो तो सगळा कचराच असतो असं नाही, मोठा दाणाही उरतो. बस आली तेव्हा ते खिडकीपाशी आले.

"तो माझा फोटो," ते म्हणाले. "तो अल्बममध्ये घ्या. पण मला जेवढं उजळलंत ना, तेवढं नको. मी होतो तसाच काळा राहू द्या. ती नीट दिसली पाहिजे."

मोनाली बरं म्हणाली.

जळगावला आल्यावर तिने प्रोग्राम बदलला. आता तो शेवटच्या वीस आकड्यांचा ढीग मोजत नाही, दोनशे पंचावन्नला अडकलेले ठिपके मोजतो, आणि प्रत्येक ठिपक्यातले लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग वेगवेगळे मोजतो. शिवाय तो स्वतः काहीही हलवत नाही. संशय आला त्या फोटोला फक्त खूण करतो. खूण केलेले फोटो मोनाली एकेक उघडते आणि मगच बाजूला टाकते. यात पूर्वीइतका नाही तरी वेळ जातो. भाऊ दोन-तीनदा त्याबद्दल कुरकुरले, मग गप्प बसले. मदतनीसाला नीलेशने उन्हात कॅमेरा कसा लावायचा ते पुन्हा शिकवलं.

धुळ्याच्या अल्बममध्ये त्या फोटोला मोनालीने पूर्ण पान दिलं. प्रियलच्या बाजूचा उजेड तिने खूप काळजीने खाली घेतला, हातातल्या ओघ्याचे, त्या लोकरीच्या कुंच्याचे, धागे मोजता यावेत इतका. सावलीच्या बाजूला तिने हात लावला नाही. छापून आलेल्या पानावर तिथे एक काळी आकृती आहे, वाकलेली. ती कोणाची, हे माहीत असेल तरच ओळखता येतं.

अल्बम न्यायला अर्हम आला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला की आजीला पांढऱ्या फोटोंतला एक मोठा करून हवा आहे, पलंगासमोर लावायला. कोणता, असं मोनालीने विचारलं. त्याने नंबर सांगितला. तो पहिलाच होता, ज्यात प्रियलचं डोकं लहान दिसतं. अभयकुमारांनी काही वेगळं मागितलं का, असंही तिने विचारलं. नाही, अर्हम म्हणाला. पप्पा कधी कधी दुकान बंद करून आले की अल्बम घेऊन बसतात, पण मागितलं काही नाही.